नव्या फ्लॅटमधली पहिली दिवाळी: सजावटीच्या या चुका टाळा

पुण्यात मी सणावाराच्या घरगुती सजावटीची कामं घेते. दसरा झाला की फोन सुरू होतात, आणि नव्याने ताबा मिळालेल्या लोकांचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "ताई, टू बीएचके आहे, सगळ्या खोल्यांना मिळून किती खर्च येईल?" या प्रश्नातच पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ आहे. हॉल, किचन, दोन बेडरूम, गॅलरी अशी यादी करायची, प्रत्येकीपुढे एक आकडा टाकायचा आणि बाजार गाठायचा. मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बेडरूमच्या खिडकीत माळ लुकलुकत असते आणि चौरंग कुठे मांडायचा यावर घरात वाद चालू असतो.

खोल्या मोजून सजावट ठरवणं

मी खोल्यांच्या आधी दिवस मांडते. वसुबारसेला पहिली रांगोळी आणि पहिली पणती दारात. धनत्रयोदशीला यमदीप, तोही दाराबाहेर किंवा गॅलरीत, दक्षिणेकडे तोंड करून. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, त्यासाठी पाट आणि पाटाभोवती रांगोळी. लक्ष्मीपूजन तिन्हीसांजेला, चौरंगावर. पाडव्याला आणि भाऊबीजेला औक्षण, म्हणजे पुन्हा पाट, आणि समोर ओवाळणारीला उभं राहायला, बाकीच्यांना बसायला जागा. हे सगळं कागदावर मांडलं की दिसतं, अख्खा सण तीन जागांवर घडतो: दार, पूजेची भिंत आणि तिच्यासमोरची मोकळी फरशी. चौथी जागा गॅलरी, ती कंदिलासाठी. बेडरूमचा या सणाशी काही संबंध नाही. भाऊबीजेला तिथे पाहुण्यांच्या पिशव्या आणि झोपलेली लहान मुलं असतात. किचनमध्ये तर तळण चालू असतं, तिथे कापडी किंवा कागदी काही टांगलं की दोन दिवसांत तेलकट होतं. तेव्हा या दोन्ही खोल्यांचा आकडा शून्य.

वाकडच्या बाजूचं अकराव्या मजल्यावरचं एक घर मला कायम आठवतं. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, हौशी, आणि हप्ते नुकतेच सुरू झालेले. त्यांनी चौदा हजारांची खरेदी आधीच उरकली होती आणि धनत्रयोदशीच्या दुपारी मला फोन आला, "ताई, सगळं लावलंय, पण घरात दिवाळी वाटतच नाही. एकदा येऊन बघता का?"

लिफ्टमधून बाहेर पडले तर पॅसेज अंधारा. सोसायटीने सेन्सरचे दिवे लावलेले, माणूस हलला तरच लागणारे. दारात चपलांचं कपाट, उंबऱ्यावर काही नाही, चौकटीला चिकटवलेलं एक प्लॅस्टिकचं तोरण एका बाजूने सुटून लोंबतंय. आत मात्र दोन्ही बेडरूममध्ये माळा, हॉलच्या मोठ्या भिंतीवर पिवळ्या पडद्याचा बॅकड्रॉप आणि त्याच्यापुढे फोटो काढायला मांडलेलं झोपाळ्यासारखं काहीतरी. त्या झोपाळ्याने हॉलमधली एकमेव मोकळी जागा खाल्ली होती. चौरंग ते किचनच्या तोंडाशी मांडणार होते, येण्याजाण्याच्या वाटेवर. सर्वांत जास्त माळा गॅलरीत गुंडाळलेल्या, आणि गॅलरीसमोर काय, तर अर्धवट बांधलेली इमारत. तिकडून ती रोषणाई बघणारं कोणी नव्हतं, आणि घरातून बघायची तर मध्ये जाड पडदा ओढलेला.

नवीन काहीच आणलं नाही. झोपाळा परत पाठवला. बेडरूममधल्या माळा काढून एक दाराच्या चौकटीवरून आणि एक पूजेच्या भिंतीच्या वरच्या पडद्याच्या रॉडवरून सोडली. चपलांचं कपाट आत, बेडरूममध्ये नेलं. चौरंग मोठ्या भिंतीशी मांडला आणि त्याच्यासमोर सतरंजी पसरून सगळ्यांना बसवून बघितलं. ही बसून बघायची सवय मी कधीच सोडत नाही. सजावट उभ्याने करतात आणि पूजा बसून होते, त्यामुळे पाच फुटांच्या वर केलेलं काम पूजेला बसलेल्या माणसाच्या नजरेत येतच नाही.

आकडा उलट्या बाजूने न काढणं

"सजावटीला किती लागतील?" हा प्रश्न शेवटचा आहे. पहिल्या दिवाळीला आधी फराळ, कपडे, पाडव्याची आणि भाऊबीजेची ओवाळणी, वॉचमन, सफाईवाल्या मावशी, कचरा नेणारे यांची पोस्त बाजूला काढा. नव्या सोसायटीत पोस्त मागणारी माणसं जुन्या वाड्यापेक्षा जास्त असतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. या सगळ्यानंतर जे उरेल ते सजावटीचं.

समजा सहा हजार उरले. वरच्याच घरासाठी मी ते असे लावले असते: दाराला अठराशे, पूजेच्या भिंतीला अठराशे, गॅलरीला पंधराशे आणि नऊशे हातात राखून. दाराच्या पैशांत तोरण, पणत्या, रांगोळीचे रंग आणि चौकटीवरची एक माळ येते. पूजेच्या पैशांत चौरंगावरचं चांगलं कापड, फुलं, आणि घरात नसेल तर एक मध्यम समई. समईला मी हात आखडू देत नाही, कारण ती पुढच्या प्रत्येक सणाला बाहेर निघते. गॅलरीत एक कंदील आणि एकच माळ. राखून ठेवलेले नऊशे लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ताज्या फुलांना आणि भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सुकलेलं बदलायला लागतात. हे पैसे आधीच संपवलेल्या घरात भाऊबीजेला काळवंडलेला झेंडू लटकत असतो.

झेंडू तयार हारात घेऊ नका, सुटा घ्या आणि रात्री घरी ओवा. फ्लॅटचं मुख्य दार साधारण साडेतीन फूट रुंद असतं. आडवं तोरण आणि दोन्ही बाजूंना हातभर लोंबणाऱ्या लडी, एवढ्याला अर्धा ते पाऊण किलो फुलं पुरतात. मधून आंब्याची पानं घातली तर त्याहून कमी. पाच-पाच किलो घेऊन येणारे लोक उरलेली फुलं मग बेडरूमच्या पलंगावर पसरतात, आणि पांढऱ्या चादरीवर डाग पडले की मला विचारतात.

माळांचंही तसंच. दुकानात उभं राहून "दहा मीटर पुरेल ना?" असं विचारू नका. घरी सुतळी घ्या, माळ जशी सोडायची तशी ती कठड्यावर सोडा, सॉकेटपर्यंत आणा आणि मग ती सुतळी मोजा. सरळ सोडलेली माळ आणि कठड्याला पीळ देऊन गुंडाळलेली माळ यांत लांबीचा दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. मोजायला दहा मिनिटं लागतात. तेवढा धीर नसलेले लोक दोन माळा जास्तीच्या आणतात, आणि आणल्यात म्हणून बेडरूममध्ये लावतात. बेडरूमची सजावट बहुतेक घरांत अशीच जन्माला येते.

नव्या भिंतीवर डबल टेप

ही चूक मला सर्वांत जास्त त्रास देते, कारण तिचं बिल दिवाळीनंतर येतं. नव्या फ्लॅटच्या भिंतीवर जिप्सम किंवा पुट्टी असते आणि त्यावर बिल्डरने दिलेला रंगाचा पातळ हात. डबल टेप लावताना छान बसते. काढताना रंग आणि त्याखालची पुट्टी पापुद्र्यासारखी घेऊन येते. तेवढाच ठिगळ रंगवला तर तो वेगळा दिसतो, म्हणून अख्खी भिंत रंगवावी लागते. दीडशे रुपयांच्या कागदी फुलांसाठी भिंतीचा रंग!

खिळा हा त्यावरचा उपाय नाही. हल्ली बऱ्याच टॉवरच्या भिंती मिवानच्या, म्हणजे सरळ काँक्रीटच्या असतात, तिथे खिळा वाकतो आणि पुट्टीचा टवका उडतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत खिळा जातो खरा, पण धरत नाही. शिवाय स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भिंतीतून वायर गेलेली असते, तिथे ड्रिल लावणं धोक्याचं आहे.

मी भिंतीला हातच लावत नाही. पडद्याचा रॉड, खिडकीची ग्रील, दाराची चौकट, कपाटाचा वरचा कठडा, पंख्याचा नव्हे पण झुंबरासाठी सोडलेला हूक, या जागा शोधते आणि तिथून सुती दोरी ताणते. रॉडवर आईची किंवा सासूबाईंची जुनी काठापदराची साडी चुण्या घालून सोडली तर पूजेची भिंत तयार होते, आणि तिला एक रुपया लागत नाही. मात्र समई त्या साडीपासून निदान हातभर पुढे हवी, आणि पूजा होईपर्यंत पंखा बंद.

टेप आधीच लावून बसला असाल तर ओढू नका. हेअर ड्रायरची गरम हवा मिनिटभर द्या, गोंद मऊ झाला की टेप भिंतीला समांतर, सावकाश सोलत न्या. सगळी भिंत वाचेलच असं नाही, पण बरीच वाचते.

पणत्यांचं तेल

मातीची पणती तेल पिते आणि खालून पाझरते. मार्बलवर, आणि काही ग्रॅनाइटवरही, तो गोल डाग आत मुरतो. पणत्या आदल्या दिवशी काही तास पाण्यात भिजवून वाळवा, आणि दगडी उंबऱ्यावर थेट न ठेवता छोट्या ताटलीत ठेवा. तेल सांडलंच तर पुसून पसरवू नका. त्यावर टाल्कम पावडर किंवा पीठ दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून साबणाच्या पाण्याने पुसा. मार्बलवर लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात नको, दगडाची चकाकीच जाते.

बाकीच्या थोडक्यात

गुळगुळीत टाइलवर रांगोळी सरकते आणि पॅसेजच्या वाऱ्याने उडते. प्लायच्या तुकड्याला गेरू लावून त्यावर काढा, सोसायटीच्या सफाईच्या वेळी उचलूनही घेता येते.

वरच्या मजल्यावर कंदिलाला खालूनही एक दोरी बांधा, नाहीतर शेपट्या कठड्यावर आपटून पहिल्याच रात्री फाटतात. आत एलईडी बल्बच लावा.

माळेचा कंट्रोलरचा डबा आणि जोड गॅलरीत उघड्यावर ठेवू नका. ऑक्टोबरात परतीचा पाऊस येतो, पाणी शिरलं की आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारी कळ, पडते आणि अख्ख्या घराची वीज जाते. असं झालं तर ती पुन्हा पुन्हा वर करत बसू नका, आधी गॅलरीतला प्लग काढा.

सोफा, झुंबर, नवे पडदे हे सजावटीच्या खर्चात धरू नका आणि दिवाळीच्या गर्दीत घेऊही नका. त्या आठवड्यात मापं घेणारा माणूस घाईत असतो, आणि चार इंच आखूड पडदे मग कायम तसेच लटकतात.

भाऊबीज झाल्यावर माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा आणि पुठ्ठ्यावर जागा लिहून ठेवा: दार, पूजा, गॅलरी. ज्या माळेला जागा लिहिता आली नाही, ती कोणालातरी देऊन टाका.