सर्कलच्या फोटोवरून देश ओळखताना: ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया

रस्त्याच्या फोटोवरून जागा ओळखायच्या जिओगेसर या ऑनलाइन खेळात चौकाचा फोटो आला की आधी बघायचं ते गाड्या सर्कलला कुठल्या बाजूने वळसा घालतायत ते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असतील तर देश डाव्या बाजूने गाडी चालवणारा. आपल्याकडेही तसंच असल्यामुळे आपल्या डोळ्याला ते खटकत नाही, म्हणून मुद्दाम तपासायची सवय लावावी. गाडी दिसत नसेल तर मधल्या बेटावरच्या बाणपट्ट्या बघा. डावीकडे चालणाऱ्या देशात त्या समोरून येणाऱ्याला डावीकडे वळवतात.

मग खरा घोळ सुरू होतो, कारण ब्रिटन आणि आयर्लंड वरवर सारखेच वाटतात. इथे सर्कल सोडून रस्त्याच्या कडेकडे वळा. आयर्लंडमध्ये शहराबाहेरच्या रस्त्यांना बहुतेक ठिकाणी कडेला पिवळी तुटक रेघ असते, ब्रिटनमध्ये कडेची रेघ पांढरी. चूक होते ती फुटपाथला चिकटून जाणाऱ्या दोन सलग पिवळ्या रेघांमुळे. ती पार्किंगबंदीची खूण आहे आणि दोन्ही देशांत आढळते, त्यामुळे तिच्यावरून काहीच ठरवू नका.

सर्कलच्या अलीकडची सूचनापाटी त्याहून भरवशाची. ब्रिटनमध्ये लाल काठाचा पांढरा त्रिकोण आणि त्यात गोल फिरणारे तीन काळे बाण. आयर्लंडमध्ये मात्र पिवळा, कोनावर उभा चौकोन. सर्कलच्या तोंडावरच्या उलट्या त्रिकोणावर ब्रिटनमध्ये ‘गिव्ह वे’ आणि आयर्लंडमध्ये ‘यील्ड’ असतं. आयरिशभाषक भागात ते आयरिशमध्ये लिहिलेलं दिसतं.

आता समजा, पिवळा चौकोन दिसला, वळसा घड्याळाप्रमाणे, पण कडेची रेघ पांढरी. म्हणून लगेच ब्रिटनकडे परत जाऊ नका. ऑस्ट्रेलियातही सूचनापाट्या पिवळ्या चौकोनीच असतात. सर्कलच्या तोंडाशी झूम करा: तिथल्या उलट्या त्रिकोणात शब्दांऐवजी गोल फिरणारे तीन बाण असतील तर ऑस्ट्रेलियावर बोट ठेवायला हरकत नाही. आणि ‘उजवीकडचं वळण डाव्या लेनमधूनच’ अशा अर्थाची पाटी सिग्नलपाशी दिसली तर मेलबर्नचाच विचार करा. तिथल्या ट्रामच्या रस्त्यांवर उजवीकडे वळणारी गाडी आधी डाव्या कडेला थांबते.

बेट उंच नसून रस्त्यावर रंगवलेलं पांढरं वर्तुळ असेल, तर ब्रिटनकडे झुका. या मिनी राउंडअबाउटचं मधलं वर्तुळ १ ते ४ मीटर व्यासाचं असतं, भोवती तीन बाण, आणि शेजारी निळी गोल पाटी. आयर्लंडमध्येही अशी सर्कल असतात, तेव्हा आधीची खूण जुळवूनच उत्तर द्या. इंग्लंडमधल्या स्विंडन शहराच्या मॅजिक राउंडअबाउटमध्ये (१९७२) मोठ्या सर्कलभोवती अशी पाच मिनी सर्कल आहेत, आणि आतल्या गाड्या उलट्या दिशेने फिरतात. आतल्या गाड्यांकडे बघून दिशा ठरवली तर उत्तर थेट उजवीकडे चालणाऱ्या देशात जातं. म्हणून दिशा नेहमी सर्कलमध्ये शिरणाऱ्या गाडीची धरा.