शनिवारवाड्याचं वर्णन लिहिताना: दोन रकान्यांची वही

एम.ए.च्या पहिल्या वर्षी आम्हाला एक प्रकल्प होता. पुण्यातली एक वास्तू निवडायची आणि ती बांधणाऱ्या घराण्याची सत्ता, संपत्ती आणि श्रद्धा तिच्या बांधणीतून दाखवायच्या. मी शनिवारवाडा घेतला. लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे सोपा जाईल असं वाटलं. ‘पेशव्यांच्या अफाट सामर्थ्याची साक्ष देणारा भव्य दिल्ली दरवाजा’ अशी सुरुवात करून मी बारा पानं लिहिली. वही परत आली तेव्हा ‘अफाट’ आणि ‘भव्य’ या दोन शब्दांखाली रेघा होत्या आणि समासात बाईंनी लिहिलं होतं, ‘किती? कशावरून? कोणता पेशवा?’

आता मी स्वतः अशा वह्या तपासते. या विषयात नव्यानं येणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा याच तीन प्रश्नांशी अडते, म्हणून मी तेव्हा काय केलं ते सविस्तर सांगते.

बाईंनी मला पुन्हा वाड्यावर पाठवलं. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला सांगितली. डाव्या बाजूला फक्त डोळ्यांना दिसतं ते, उजव्या बाजूला त्यावरून मला काय वाटतं ते. पहिले दोन तास उजव्या बाजूला काहीही लिहायचं नाही, ही अट. ऐकायला किरकोळ वाटेल, पण दिल्ली दरवाजासमोर उभं राहून ‘भव्य’ हा शब्द न वापरता पान भरणं फार अवघड गेलं. मैत्रिणीला दरवाजाला टेकून उभं केलं आणि तिच्या उंचीच्या हिशेबात बाकीचं मोजत गेले. उजव्या फळीत एक दिंडी दरवाजा आहे, त्यातून माणसाला वाकूनच आत जावं लागतं. प्रत्येक फळीवर अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत, नऊ गुणिले आठ असे बहात्तर, प्रत्येक साधारण फूटभर लांबीचा. पण ते खालपासून नाहीत. माणसाच्या डोक्याच्या बरेच वर, हत्तीचं कपाळ येईल त्या उंचीवर ते सुरू होतात. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, आधी उजवीकडे वळवून मग आत घेते. दोन्ही बाजूंच्या बुरुजांत जंग्या आहेत, म्हणजे आतून बाहेर मारा करण्यासाठी ठेवलेली अरुंद भोकं. वर लाकडी नगारखाना आहे.

इतकं झाल्यावर उजवा रकाना उघडला. खिळे, वळण आणि जंग्या यांवरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते: हा दरवाजा हल्ल्याचा विचार करून बांधला आहे. पण ‘म्हणून हा अभेद्य किल्ला होता’ असं लिहिलं की घसरलोच. तटाबाहेर खंदकाचा मागमूस दिसत नाही, जागा सपाट आहे, आणि वस्ती तटापासून हाकेच्या अंतरावर. खडकीच्या लढाईनंतर पेशव्यांनी पुणं सोडलं आणि 17 नोव्हेंबर 1817 रोजी वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. ते या तटाला वेढा घालून, तो फोडून चढलेलं नाही. तेव्हा खिळ्यांवरून सत्तेबद्दल बोलताना ‘संरक्षण’ आणि ‘संरक्षणाचं दर्शन’ हे दोन शब्द वेगळे ठेवा. हत्तीच्या उंचीचा खिळा लढाईत एकदाही कामी आला नाही तरी दारात उभ्या राहिलेल्या दुसऱ्या दरबाराच्या वकिलाला तो रोज दिसत होता.

नावाचा मोह यापेक्षा मोठा. ‘दरवाजाचं तोंड उत्तरेला, नाव दिल्ली, म्हणजे मुघलांना दिलेलं आव्हान’ हे वाक्य मला दरवर्षी निदान पाच-सहा वह्यांत भेटतं. माझ्याही वहीत होतं. पण दिल्ली दरवाजा नगरला आहे, औरंगाबादलाही आहे, आणि तिथे दिल्लीला आव्हान देण्याचा प्रश्नच नव्हता. वाट जिकडे जाते त्या गावाचं नाव दरवाजाला द्यायचं, ही दख्खनमधली रूढ पद्धत. आव्हानाचा अर्थ चूकच आहे असं मी म्हणत नाही, पण तो नुसत्या नावावरून निघत नाही. तेव्हापासून मी वहीला तिसरा रकाना जोडला: ‘दुसरं कारण असू शकेल का?’

या तिसऱ्या रकान्याची खरी परीक्षा तटावर झाली. तटाजवळ जाऊन खालून वर पाहत गेलात की एका उंचीवर दगड संपतो आणि विटा सुरू होतात. सकाळच्या तिरप्या उन्हात तो सांधा बोटानं दाखवता येतो. त्याची गोष्ट पुण्यात सगळ्यांना पाठ आहे: दगडी कोट बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा, म्हणून साताऱ्याहून शाहू महाराजांनी काम थांबवलं आणि पुढचा तट विटांचा झाला. गोष्ट इतकी चपखल बसते की सांधा पाहिल्याबरोबर आपण ‘पुरावा सापडला’ म्हणून मोकळे होतो. मीही झाले होते.

बाईंनी विचारलं, “हा सांधा तुला काय सांगतो? गोष्ट विसर. नुसता सांधा.”

“की खाली दगड आहे नि वर वीट.”

“मग शाहू महाराज त्यात कुठे दिसले?”

दिसत नव्हते. खाली दगड आणि वर वीट ही रचना पुण्यातल्या जुन्या वाड्यांतही सर्रास सापडते. दगडाचं जोतं ओल धरत नाही, भार पेलतो. वर वीट हलकी पडते आणि काम लवकर उरकतं. म्हणजे सांधा गोष्टीशी जुळतो, पण गोष्ट सिद्ध करत नाही. लिहिताना ‘परंपरा असं सांगते’ आणि ‘बांधकामात असं दिसतं’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवायची. त्या परंपरेचं मोल मात्र कमी समजू नका. पेशवा कितीही मोठा झाला तरी तो छत्रपतींचा प्रधान, ही जाणीव लोकांनी त्या गोष्टीत जपली. सत्तेबद्दलचा पुरावा म्हणून ती गोष्टही वापरता येते, फक्त ती दगडाच्या तोंडी घालायची नाही.

‘कोणता पेशवा?’ या प्रश्नाचं उत्तरही तटाशीच मिळालं. पहिल्या बाजीरावांनी पाया घातला 10 जानेवारी 1730 रोजी आणि वास्तुशांत झाली 22 जानेवारी 1732 रोजी. मी सगळा वाडा 1732 चा धरून लिहिला होता. प्रत्यक्षात तटबंदीचं काम त्यांचे पुत्र नानासाहेब पेशवे यांच्या काळात पुरं झालं. कारंजं सवाई माधवरावांच्या वेळचं. या तपशिलानं अर्थ पार बदलतो. शाहू महाराज 1749 मध्ये गेले, पुढच्या वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि कारभाराची सूत्रं साताऱ्याहून पुण्याला आली. बाजीरावांचं राहतं घर आणि नानासाहेबांची राजधानी एकाच तारखेखाली घातली तर हा बदलच गडप होतो. म्हणून वर्णन लिहिण्याआधी एका कागदावर वाड्याचा साधा आराखडा काढा आणि प्रत्येक भाग कोणाच्या काळातला ते वेगवेगळ्या रंगानं भरा. जिथे ठाऊक नाही तिथे कोरं सोडा.

संपत्तीचा भाग सगळ्यात अवघड, कारण जे पाहायचं तेच उरलेलं नाही. 27 फेब्रुवारी 1828 रोजी आग लागली आणि आतले सागवानी मजले, दिवाणखाने, आरसेमहाल सगळं गेलं. आज आत फिरताना दिसतात ती जोती. नवखा विद्यार्थी मग उरलेल्या दगडी तटावरून श्रीमंती मोजतो, आणि खरा खर्च तर जळालेल्या लाकडात होता. वाड्यासाठी सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून आणल्याचं सांगतात. ही तिन्ही ठिकाणं पुण्याच्या टप्प्यातली आहेत. म्हणजे पहिला वाडा आसपासच्या मुलखातून उभा राहिला. पहिल्या बांधकामाचा खर्च 16,110 रुपये दिला जातो. त्याच बाजीरावांची पत्रं वाचा. सावकारांच्या पाया पडून कपाळ झिजायची वेळ आली, असं ते आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना कळवतात. मोठी वास्तू म्हणजे भरलेला खजिना, हे समीकरण तिथेच मोडतं. मोठी वास्तू कर्ज मिळवण्याची ऐपतही दाखवत असते.

श्रीमंती डोळ्यांनी पाहायची असेल तर मी विद्यार्थ्यांना हजारी कारंजाशी नेते. सोळा पाकळ्यांचं कमळ, आणि नाव हजारी असलं तरी पाण्याच्या तोट्या दोनशेच्या आतच. नाव आणि वस्तू यांतलं हे अंतरही टिपून ठेवावं. पण महत्त्वाचं आहे ते त्यातलं पाणी. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळानं ते शहरात आणलं, केवळ उताराच्या जोरावर. वाटेत नळातली हवा बाहेर सोडणारे उच्छ्वास आहेत, आणि शहरातले हौद याच पाण्यावर भरत. त्यामुळे कारंजाकडे एकटं पाहिलं तर हौस दिसते. नळासकट पाहिलं तर मैलोगणती बांधकाम, त्याची रोजची देखभाल आणि वाड्याबरोबर शहरालाही पाणी पुरवणारी व्यवस्था दिसते. एखादी गोष्ट किती खर्चाची होती हे कळायचं असेल तर ती चालती ठेवायला काय लागत होतं, ते विचारा.

श्रद्धेकडे मी थोडक्यात येते, कारण तिथे चूक एकाच प्रकारची होते. दिल्ली दरवाजातून आत जाताना भिंतींवर शेषशायी विष्णू आणि गणपती यांची चित्रं आहेत. आता ती अंधुक झाली आहेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलं तरच दिसतात. त्यावरून ‘पेशवे हिंदू होते’ हा निष्कर्ष काढायला चित्रांची गरज नाही, ते माहीतच आहे. चित्र कुठे आहे ते पाहा. देवघरात नाही, प्रवेशाच्या वाटेत आहे, आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरेल असं. मग मान वर करून नगारखान्याचे लाकडी खांब पाहा: सुरूच्या आकाराचे, मुघल इमारतींतून आलेल्या घडणीचे. ज्यांच्याशी लढायचं त्यांच्याच दरबाराची भाषा खांबांत आणि आपला देव वाटेवर. मला या वाड्यात सर्वांत बोलकं वाटतं ते हेच. अठराव्या शतकात दरबार कसा दिसावा याची कल्पना मुघलांनी ठरवलेली होती, आणि दरबार म्हणवून घ्यायचं तर ती घडण टाळून चालत नव्हतं.

शेवटी दुसऱ्या खेपेला मी लिहिलेला परिच्छेद देते. बारा पानांतून तो एवढाच उरला होता.

‘दिल्ली दरवाजाच्या दोन्ही फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीपासून वर प्रत्येकी बहात्तर खिळे आहेत, आणि आतली वाट वळणाची आहे. रचना हल्ल्याचा विचार करणारी आहे, पण खंदक दिसत नसल्यानं आणि वस्ती लगत असल्यानं दीर्घ वेढ्यासाठी ती पुरेशी वाटत नाही. आतल्या भिंतीवर देवतांची चित्रं आणि वर मुघल घडणीच्या खांबांचा नगारखाना आहे. तट नानासाहेबांच्या काळात पुरा झाला हे लक्षात घेता, येणाऱ्याला आपण राजधानीत शिरत आहोत असं वाटावं, हा या योजनेचा एक हेतू असावा.’

बाईंनी ‘असावा’ या शब्दाशेजारी बरोबरची खूण केली. खाली लिहिलं, ‘जंग्यांची तोंडं कोणत्या दिशेला आहेत ते नाही लिहिलंस.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा वाड्यावर गेले.