ऑफिसच्या करारातली वैयक्तिक हमी

बाणेरला कंपनीसाठी ऑफिस भाड्याने घेताना करारात संचालकाची वैयक्तिक हमी असेल, तर ते कलम लॉक-इनच्या, म्हणजे ठरावीक मुदतीआधी जागा सोडता न येण्याच्या, कलमाशेजारी ठेवून वाचावे. समजा, भाडे दरमहा दीड लाख, लॉक-इन 36 महिन्यांचा आणि कंपनी 20 महिन्यांत बंद पडली, तर उरलेल्या 16 महिन्यांचे 24 लाख, त्यातून सहा लाखांची अनामत वजा जाता 18 लाख रुपये मालक थेट तुमच्याकडे मागू शकतो. कारण करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कायद्याने मूळ देणेकऱ्याइतकीच असते. संचालकपदाचा राजीनामा दिल्याने हमी आपोआप सुटत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते. म्हणून हमी ठरावीक रकमेपुरतीच असून राजीनाम्यानंतर संपेल, असे करारातच लिहून घ्यावे. मालक अडून बसला, तर माझ्या मते अनामत वाढवून देणे परवडते. निदान राहते घर धोक्यात येत नाही.