प्रोजेक्टरवर ‘No Signal’ आल्यास व्याख्यान कसे चालू ठेवावे : माझा अनुभव

तासगाव परिसरातील द्राक्ष बागायतदारांसमोर डाऊनी मिल्ड्यू या बुरशीजन्य रोगावर बोलताना पडद्यावर ‘No Signal’ येई आणि व्याख्यान तेथेच थांबे, याचा मनस्ताप झाला. दुसरी केबल, पेनड्राइव्हवरील प्रत यांपैकी काहीही वीज गेल्यावर पुरे पडले नाही. स्लाइडच्या छापील प्रती वाटल्या, तर लोक त्या वाचत बसतात आणि ऐकत नाहीत.

उपयोगी पडलेला क्रम असा. प्रथम प्रत्येक स्लाइडचा निष्कर्ष एका पूर्ण वाक्यात कागदावर लिहिला. ज्यांचे वाक्य चित्राविनाही कळते, त्या स्लाइड तोंडी सांगण्यासाठी ठेवल्या आणि उरलेल्यांतून फक्त एकच आकृती फळ्यासाठी निवडली. ती म्हणजे ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतची आडवी रेघ, जिच्यावर फुटवे, फुलोरा आणि मणी धरणे या तीन खुणा करून फुटव्यांपासून मणी धरेपर्यंतचा धोक्याचा पट्टा रंगीत खडूने भरायचा. रेघ फळ्याच्या वरच्या भागात हवी, अन्यथा मागच्या रांगेला दिसत नाही. पानावरील तेलकट डागांच्या छायाचित्राऐवजी रोगट पानच पारदर्शक पिशवीत बंद करून फिरवले. पानाच्या खालच्या बाजूची पांढरी बुरशी त्यात अधिक स्पष्ट दिसते. शेवटी औषधांची मात्रा तेवढी अर्ध्या पानावर छापून निघताना वाटली.