पिन बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर जुळला असं नाही

घर बदललं, ऑफिसची जागा हलली किंवा नुसती साफसफाई झाली, की राउटरचा नाहीतर मॉनिटरचा अ‍ॅडॅप्टर हमखास गायब होतो. मग कुठल्यातरी खोक्यातून काळ्या वायरींचा गुंता निघतो आणि एकेक पिन घालून बघणं सुरू होतं. बसली की बटण दाबायचं. मला फोन येतो तो यानंतर, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, पिन तर बरोब्बर बसली होती!"

पिन बसली याचा अर्थ भोकाचं माप जुळलं, एवढाच. राउटरला सर्रास दिसणारी गोल पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर आणि आतलं भोक २.१ मिलिमीटर अशी असते. तीच पिन ५ व्होल्टच्या हबला असते, ९ व्होल्टच्या मोडेमला असते, १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला असते आणि नेटवर्कच्या काही उपकरणांच्या ४८ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरलाही असते. पिनवरून व्होल्टेज ओळखणं म्हणजे दरवाजाच्या रंगावरून घरात कोण राहतं ते सांगणं.

तो ४८ व्होल्टवाला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. ऑफिस एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवलं होतं. सगळे अ‍ॅडॅप्टर एकाच खोक्यात टाकले होते, कुठला कशाचा ते कुणीच लिहिलं नव्हतं. नव्याने लागलेल्या मुलाला राउटर लवकर सुरू करून दाखवायचा होता. मी म्हटलं, "थांब, लेबल बघू." तो म्हणाला, "सर, बसली की पिन, बघा ना," आणि बटण दाबलं. 'फट्' असा बारीक आवाज आला, मग तो जळका, थोडा मासळीसारखा वास. राउटर उघडला तर पिनच्या सॉकेटशेजारच्या कपॅसिटरचं डोकं फुगून फाटलेलं होतं आणि त्याच्या अंगावर छापलं होतं, १६ व्होल्ट. मुलगा हुशार होता, आळशी अजिबात नव्हता. फक्त त्याला दोन मिनिटं थांबायचं नव्हतं.

नंतर त्या राउटरचा खरा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर सापडला. तो लावला तर अ‍ॅडॅप्टरचाच दिवा लुकलुकायला लागला, आणि पिन काढली की स्थिर. ही खूण लक्षात ठेवा. उपकरणाच्या आत शॉर्ट झालाय, अ‍ॅडॅप्टर चालू व्हायला बघतो आणि स्वतःला वाचवायला पुन्हा बंद होतो. अशा वेळी तिसरा, चौथा अ‍ॅडॅप्टर लावून बघण्यात अर्थ नसतो. दोष आता उपकरणात आहे.

तर पहिली गोष्ट व्होल्टेज, आणि ते उपकरणाच्या लेबलवरचं. राउटर उलटा करा, मॉनिटरची पाठ बघा. तिथे १२ लिहिलं असेल तर १२च हवं. १९ आणि १९.५ मधला फरक मी चालवून घेतो, कारण तेवढा इकडेतिकडे होणं उपकरणाने गृहीत धरलेलं असतं. पण ९च्या जागी १२ लावून "चालला की!" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आज चालला असेल, आतला व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर किती तापतोय ते बाहेरून दिसत नाही. आणि अ‍ॅडॅप्टरच्या लेबलवर वाचायची ती आउटपुटची ओळ. इनपुटच्या ओळीतला अँपिअरचा आकडा वाचून "हा फार लहान आहे" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

व्होल्टेज जुळलं की अँपिअर. इथे नियम उलटा आहे आणि लोक नेमके इथेच घाबरतात. अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. उपकरण स्वतःला लागेल तेवढंच ओढतं. राउटरवर १ अँपिअर लिहिलंय आणि हाताशी १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर आहे, तर खुशाल लावा. कमी मात्र नको.

कमी लावल्यावर काय होतं ते एका मॉनिटरवरून सांगतो, कारण तिथे पहिली चूक माझीच होती. मॉनिटरच्या पाठीवर १९ व्होल्ट, १.३ अँपिअर. खोक्यात त्याच जाड पिनचे तीन अ‍ॅडॅप्टर निघाले: १४ व्होल्ट ३ अँपिअर, १९ व्होल्ट ०.८४ अँपिअर आणि १९ व्होल्ट २.१ अँपिअर. शिवाय वेगळ्या पिनचा एक १२ व्होल्ट २ अँपिअरचा होता. शेजारच्या सहकाऱ्याने लगेच हिशोब मांडला: मॉनिटरला १९ × १.३ म्हणजे २४.७ वॅट लागतात, १२ × २ म्हणजे २४ वॅट, जवळजवळ सारखेच की, पिन बदलून घेऊ! वॅट सारखे आले म्हणून अ‍ॅडॅप्टर सारखे होत नाहीत. वॅट हा गुणाकार आहे आणि मॉनिटरला त्यातला व्होल्टेजचा आकडा जसाच्या तसा हवा असतो. १४ वाला त्याच कारणाने बाद.

मी घाईत ०.८४ वाला उचलला, १९ दिसलं आणि बाकी वाचलंच नाही. मॉनिटर लागला, कंपनीचं चित्र आलं, काळ्या पडद्यावर सगळं ठीक. पांढरी पानं उघडली आणि ब्राइटनेस वाढवला तसा पडदा विझला, दोन सेकंदांनी परत आला, परत विझला. मागचा दिवा जोरात पेटवायला जास्त करंट लागतो, आणि तेवढा अ‍ॅडॅप्टरकडे नव्हता. अ‍ॅडॅप्टरला हात लावला तर धरवत नव्हता. २.१ वाला लावला आणि विषय संपला. राउटरमध्ये हाच आजार वेगळा दिसतो. एरवी नीट चालतो, पण वाय-फायवर चार जणांनी एकदम व्हिडिओ लावला की रीस्टार्ट होतो, आणि लोक इंटरनेट कंपनीला शिव्या घालतात.

आता पोलॅरिटी, म्हणजे पिनच्या आतलं टोक प्लस की बाहेरची नळी प्लस. लेबलवर एक छोटं चित्र असतं: मधे ठिपका, त्याच्याभोवती तुटकं वर्तुळ, आणि दोन्हींपासून निघालेल्या रेघांच्या टोकांना प्लस आणि मायनस. ठिपक्याच्या रेघेला जे चिन्ह ते आतलं. राउटर आणि मॉनिटरमध्ये बहुतेक वेळा आत प्लस असतो. पण गिटारच्या इफेक्ट पेडलचे ९ व्होल्टचे अ‍ॅडॅप्टर नेमके उलटे, आत मायनस असतात. ते राउटरच्या पिनसारखेच दिसतात आणि घरातल्या खोक्यात तेही असतात.

उलट्या पोलॅरिटीचं मूळ बहुतेकदा तो 'सगळ्याला चालणारा' अ‍ॅडॅप्टर असतो. त्यावर व्होल्टेज निवडायचं सरकतं बटण असतं आणि सोबत सहा-सात टोकं. टोक दोन्ही बाजूंनी बसतं, एका बाजूने आत प्लस, फिरवून बसवलं की आत मायनस. सरकतं बटण साफसफाईत धक्क्याने ९ वरून १२ वर जातं ते वेगळंच. सोय म्हणून विकतात, मला तो सापळा वाटतो. असा अ‍ॅडॅप्टर मी घरात ठेवत नाही. तुमच्याकडे असलाच, तर टोक नि बटण दोन्ही हव्या त्या जागी बसवून वरून चिकटपट्टी लावून टाका.

चित्र असो वा नसो, मी प्रत्येक वेळी मल्टिमीटर लावतोच. डीसी व्होल्टवर, आधी २००च्या रेंजला. काळी काडी पिनच्या बाहेरच्या नळीला टेकवायची, लाल काडी आतल्या भोकात. दोन्हींचा एकमेकींना स्पर्श होऊ द्यायचा नाही. १२.१ दिसलं तर आत प्लस. आकड्याच्या आधी मायनस आला तर पिन उलटी आहे. १२ व्होल्टच्या लेबलवर १६-१७ दिसले आणि अ‍ॅडॅप्टर हाताला दगडासारखा जड असेल, तर तो जुन्या ट्रान्सफॉर्मरचा, व्होल्टेज स्थिर न ठेवणारा आहे. राउटरला लावू नका. डीसीवर शून्याच्या आसपास आणि एसीवर आकडा दिसला, तर तो एसी देणारा अ‍ॅडॅप्टर. लेबलवर आउटपुटच्या आकड्याशेजारी लाटेसारखी रेघ असेल. तोही बाजूला.

राउटरला कुठली बाजू हवी हे लेबलवर नसेल, तर माझी एक सवय आहे. उपकरण पूर्ण बंद, कुठलीही वायर जोडलेली नाही. मीटर बीपवर ठेवायचा, एक काडी पॉवरच्या सॉकेटच्या बाहेरच्या पत्तीला, दुसरी एचडीएमआय किंवा व्हीजीएच्या धातूच्या कडेला, राउटर असेल तर नेटवर्क पोर्टच्या धातूच्या आवरणाला. बीप वाजला की बाहेरची बाजू ग्राउंड, म्हणजे मायनस, आणि आत प्लस. प्लॅस्टिकचे पोर्ट असतील तर ही युक्ती चालत नाही. आणि व्होल्टेजच माहीत नसेल, तर यातून ते कळत नाही. मॉडेल नंबरवरून माहितीपुस्तिका शोधा, अंदाज नको. आतल्या कपॅसिटरवरचा आकडा बघणारेही असतात, पण तो वरची मर्यादा सांगतो, नेमकं व्होल्टेज नाही.

उरलेल्या चुका पटकन. पिन हलवली की राउटर बंद होतो? बहुधा २.५ भोकाची पिन २.१च्या खिळ्यावर बसवलीय, कागद कोंबू नका, योग्य पिन आणा. मॉनिटरच्या जाड पिनमध्ये मधे सुई असते आणि बहुतेक मॉनिटरमध्ये तीच प्लस, पण काही लॅपटॉपच्या पिनमध्ये ती सुई फक्त ओळख पटवण्यापुरती असते. यूएसबीवरून १२ व्होल्ट करणारी वायर १० वॅटच्या चार्जरवर राउटरला जेमतेम पाऊण अँपिअर देते. वायर कापून जोडताना पट्ट्याच्या रंगावर विश्वास नको, मीटर लावा. आणि अ‍ॅडॅप्टरची डबी उघडायची नाही, प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर काही वेळ झटका देण्याइतका भरलेला असतो.

नवा अ‍ॅडॅप्टर लावल्यावर तासाभराने हात लावून बघतो. कोमट चालतो, चटका बसला तर काढतो. मग पांढऱ्या चिकटपट्टीवर उपकरणाचं नाव आणि व्होल्ट लिहून पिनजवळ गुंडाळतो. डबीवर नाही, पिनजवळ, कारण खोक्यातून हातात पहिली येते ती पिन. त्या ४८ व्होल्टवाल्याला तेवढी लाल पट्टी लावलीय, आणि ती लावली त्या मुलानेच.