समतल चराची तीन मिनिटांची फिल्म: शूटिंगआधीची तयारी

माण किंवा आटपाडीकडच्या गावांत दाखवायची फिल्म असेल तर विषय एकच धरा: डोंगरउतारावरचा चर पातळीत कसा आखायचा. शेततळं, ठिबक, विहीर पुनर्भरण हे सगळं त्यातच कोंबलं की लोकांच्या लक्षात फक्त गाणं राहतं.

तारखा आधी ठरवा, कारण शूटिंग दोनदा करावं लागतं. एकदा एप्रिल-मेमध्ये खोदताना आणि एकदा चर भरल्यावर. या पट्ट्यातला बराचसा पाऊस परतीचा असतो, त्यामुळे दुसरी खेप सप्टेंबरपर्यंत लांबेल असं धरूनच चाला. दोन्ही वेळा चित्र त्याच जागेवरून हवं. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली दगड पुरून ठेवा, चुन्याची खूण पहिल्याच वळवात जाते. कोरडा चर आणि भरलेला चर एकाच चौकटीत पाठोपाठ दिसले की तिथे वाक्याची गरज राहत नाही.

सामानात सगळ्यात आधी पातळी बघायची ए-फ्रेम: दोन-दोन मीटरचे दोन बांबू, एक मीटरची आडवी काठी, सुतळी आणि ओळंब्यासाठी अर्धा किलोचा दगड. हलका दगड वाऱ्यानं झुलत राहतो आणि कॅमेऱ्यात खूण धड दिसत नाही. सांधे तारेनं आवळा. सांधा सैल झाला की मधली खूण सरकते आणि सगळी आखणी तिरकी जाते. ही खूण कशी काढतात तेच फिल्मचं काळीज आहे, तिथे घाई नको. फ्रेम उभी करा, सुतळी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे कोळशानं रेघ मारा. मग पायांची अदलाबदल करून दुसरी रेघ मारा. दोन्हींच्या बरोबर मध्ये तिसरी, तीच पातळीची. आधी पूर्ण माणूस आणि फ्रेम दाखवा, मगच हात आणि रेघ जवळून. थेट जवळून दाखवलं तर ती काठी कशाची, हेच कळत नाही.

पडद्यावर अक्षर नको, आकडा नको, बाणही नको. बाण आणि लाल फुली याही वाचायलाच शिकाव्या लागतात. माप दाखवायचं तर वस्तू ठेवा. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चराच्या दहा मीटर लांबीत 1800 लिटर पाणी मावतं, म्हणजे दोनशे लिटरचे नऊ बॅरल. ते नऊ बॅरल चराच्या कडेनं ओळीत उभे करा आणि एकाशेजारी घागर घेतलेली बाई असू द्या. गावातून बॅरल गोळा करायला एक दिवस जातो, तो हिशेबात धरा.

चूक दाखवायला तीन मीटरचा वेगळा चर खणा, एक टोक वीतभर खाली. वरून बादल्या ओता, पाणी खालच्या टोकाला धावतं, तुंबतं आणि भराव फोडतं. क्रम मात्र बरोबर, चूक, पुन्हा बरोबर असा ठेवा. शेवटी चूक राहिली तर लोक तीच करून बघतात, हे ऐकायला गमतीचं वाटलं तरी होतं.

वाक्यं आठ-दहा शब्दांची, आणि ज्या क्षणी हात ती गोष्ट करतोय त्याच क्षणी. «माती खालच्या अंगाला टाका. वर टाकली तर पहिल्या पावसात परत चरात येतीया.» त्यानंतर तीन सेकंद नुसता फावड्याचा आवाज. तीन मिनिटांत दोनशे शब्द पुरे. ‘अपधाव’, ‘भूजल पुनर्भरण’ असले शब्द काढून ‘पानी पळतंय’, ‘पानी मुरतंय’ ठेवा. बोलणारी व्यक्ती त्याच तालुक्यातली बघा, शहरी प्रमाणभाषा ऐकली की लोकांना सरकारी जाहिरात वाटते. माळावर दुपारी वारा सुटतो, म्हणून तिथला आवाज फक्त फावड्या-पहारीचा घ्या आणि बोलणं नंतर घरात, दारं लावून, भिंतीवर गोधड्या टांगून रेकॉर्ड करा.

गावात लावण्याआधी पाच-सहा जणांना आवाज बंद करून दाखवा. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काय दिसलं?’ विचारा. ‘खड्डा खणत्यात’ एवढंच उत्तर आलं तर ओळंब्याचा भाग फसलाय, तो पुन्हा शूट करा. ‘दोरी मधल्या रेघेवर आली की पाय रोवायचा’ असं कुणी आपणहून म्हणालं, की मग देवळाची भिंत, प्रोजेक्टर आणि लाइट गेली तर लागणारा इन्व्हर्टर यांच्या मागे लागा.