तलावाचा ऊर्जा-मनोरा मांडताना या चुका टाळा

भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे परिसंस्था शिकायला फार चांगले. पाळीवर उभं राहिलं की शेवाळाचं हिरवं पाणी, शिंगाड्याचे वेल आणि ढिवरांची जाळी एका नजरेत येतात. ऊर्जा-मनोऱ्यात कोण कोणाला खातं त्या क्रमाने प्रत्येक पायरीचं उत्पादन मांडतात. त्याचा पाया, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं, वनस्पतीप्लवकांचं, उत्पादन मोजायला आमचे बीएस्सीचे विद्यार्थी दरवर्षी तिथे बाटल्या टांगतात. हिशेबात मात्र बहुतेकजण त्याच जागी अडकतात. खालचे आकडे त्यांच्या वहीतलेच आहेत असं नाही. गणित सोपं जावं म्हणून मी ते घेतले आहेत.

पद्धत अशी. एकाच जागचं पाणी तीन बाटल्यांत भरायचं. एकीतला विरघळलेला ऑक्सिजन लगेच मोजायचा. दुसरी पारदर्शक आणि तिसरी काळ्या कापडात गुंडाळलेली, या दोन्ही सकाळी 6 ते दुपारी 12 पाण्यात टांगायच्या. समजा सुरुवातीला लिटरमागे 7.0 मिलिग्रॅम ऑक्सिजन होता, उजेडाच्या बाटलीत तो 9.0 झाला आणि काळ्या बाटलीत 6.2 उरला. मग सहा तासांचं श्वसन 7.0 − 6.2 = 0.8, निव्वळ उत्पादन 9.0 − 7.0 = 2.0 आणि स्थूल उत्पादन 9.0 − 6.2 = 2.8.

इथवर सगळ्यांचं बरोबर असतं. पुढे दिवसाचा आकडा काढताना सहा तासांचे चोवीस करायचे म्हणून 2.0 ला थेट 4 ने गुणतात आणि 8.0 लिहितात. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असतं, श्वसन मात्र चालूच असतं. म्हणून दोन्ही वेगळे गुणायला हवेत. दिवस 12 तासांचा आणि दुपारही सकाळसारखीच निरभ्र असं धरलं, तर स्थूल उत्पादन 2.8 × 2 = 5.6. श्वसन पूर्ण चोवीस तासांचं, 0.8 × 4 = 3.2. निव्वळ उरतं 2.4. म्हणजे आधीचं उत्तर खऱ्याच्या तिपटीहून मोठं होतं! श्रावणात दुपारी आभाळ भरून आलं असेल, तर सकाळची दुप्पट करणंही सोडा आणि दुपारी बाटल्या पुन्हा टांगा.

आता ऑक्सिजनचा कार्बन करायचा: 2.4 × 12/32 ÷ 1.2 = 0.75. हा 1.2 म्हणजे प्रकाशसंश्लेषण गुणांक, बांधलेल्या दर कार्बन अणूमागे ऑक्सिजनचे किती रेणू सुटतात तो आकडा. तो विसरला तर उत्तर वीस टक्क्यांनी फुगतं. लिटरमागे 0.75 मिलिग्रॅम म्हणजेच घनमीटरमागे 0.75 ग्रॅम कार्बन.

मग खोली 1.5 मीटर म्हणून 0.75 ला 1.5 ने गुणतात. गढूळ तलावात उजेड खाली पोचत नाही, त्यामुळे हेही चालत नाही. अर्ध्या अर्ध्या मीटरच्या तीन थरांत बाटल्या टांगा. समजा 0.75, 0.35 आणि −0.10 मिळाले. ऋण आकडा चूक नव्हे. त्या थरात श्वसन जास्त आहे. बेरीज 1.00, गुणिले 0.5, म्हणजे चौरस मीटरमागे दिवसाला 0.50 ग्रॅम कार्बन. ग्रॅमला सुमारे 40 किलोज्यूल धरले तर 20 किलोज्यूल. बाटलीत जिवाणू आणि प्राणीप्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म प्राणी, हेही श्वास घेतात, म्हणून वनस्पतीप्लवकांचं खरं निव्वळ उत्पादन याहून थोडं जास्तच असतं.

काळ्या बाटलीतला ऑक्सिजन सुरुवातीपेक्षा वाढला, तर कापडातून उजेड गेला, भरताना हवेचा बुडबुडा राहिला किंवा बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. उजेडाच्या बाटलीत वायूचे बारीक बुडबुडे दिसले, तर पाणी संपृक्ततेपुढे गेलंय; तिथे सहाऐवजी तीनच तास टांगा.

सगळ्यात खोल रुजलेली चूक मनोऱ्यातली. समजा चौरस मीटरमागे वनस्पतीप्लवक 4 ग्रॅम आणि प्राणीप्लवक 6 ग्रॅम सापडले. खालच्या पायरीच्या उत्पादनाचा किती वाटा वरच्या पायरीच्या उत्पादनात उतरतो, ती हस्तांतरण कार्यक्षमता. विद्यार्थी 6 ला 4 ने भागून ‘हस्तांतरण कार्यक्षमता 150 टक्के’ लिहितात, मग आपलंच मोजमाप चुकलं म्हणून आकडे खोडतात. खोडू नका. वनस्पतीप्लवक एक-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात, म्हणून एका क्षणी थोडे दिसतात. जैवभाराचा मनोरा असा उलटा असू शकतो. ऊर्जेचा होत नाही, कारण तो साठा नाही, प्रवाह मोजतो. कार्यक्षमतेसाठी उत्पादनाला उत्पादनानेच भागा. प्राणीप्लवकांचं उत्पादन दिवसाला 2.4 किलोज्यूल निघालं, तर 2.4 ÷ 20, म्हणजे 12 टक्के.

आणि हे 12 पुस्तकातल्या 10 शी जुळवू नका. परिसंस्थाशास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये अमेरिकेतल्या सीडर बॉग तलावासाठी मांडलेले आकडेही शाकाहारींसाठी सुमारे 13 आणि मांसाहारींसाठी सुमारे 22 टक्के होते. दहा ही ढोबळ सरासरी आहे.

मासे मांडताना सगळे एकाच पायरीवर ठेवू नका. कतला मुख्यतः प्राणीप्लवक खातो, मृगळ तळातला कुजका गाळ, आणि मरळ दुसरे मासे. मृगळाकडे जाणारी ऊर्जा मुख्यतः प्राणीप्लवकांमार्फत येत नाही, म्हणून त्याचं उत्पादन 2.4 ने भागलं की आकडा अकारण मोठा येतो.